एका शीर्षकातले तीन प्रबंध

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या संशोधन व मान्यता समित्यांच्या सदस्यांना,



गेल्या उन्हाळ्यात माझी एक विद्यार्थिनी अशाच एका समितीसमोर पीएच.डी.चा आराखडा घेऊन उभी होती. मार्गदर्शक म्हणून मी मागच्या रांगेत बसले होते. विषय होता, ‘बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिला कामगारांमधील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया : एक चिकित्सक अभ्यास’. पद्धतीच्या रकान्यात ‘गुणात्मक’ लिहिलेलं, नमुन्याच्या रकान्यात ‘३० महिला’. पहिला प्रश्न आला, गृहीतक कुठं आहे? दुसरा आला, तीसच का, शंभर का नाहीत? तिसरा आला, तीस बायकांवरून काढलेला निष्कर्ष सगळ्या ऊसतोड महिलांना लागू कसा करणार? तिला एकाचंही उत्तर देता आलं नाही आणि आराखडा पुढच्या बैठकीपर्यंत राखून ठेवला गेला.

मला समितीचा राग आला होता. घरी येऊन तोच आराखडा पुन्हा वाचला तेव्हा लक्षात आलं, की प्रश्न चुकीचे होते, पण आराखडाही कच्चाच होता आणि त्यावर सही माझी होती. तिच्या पाच उद्दिष्टांपैकी चार ‘अभ्यास करणे’ या शब्दांवर संपत होती आणि पाचवं ‘उपाय सुचविणे’ असं होतं. शेवटी तिच्या हातात कोणत्या प्रकारचं उत्तर असेल, हे त्यातून कळत नव्हतं. समितीनं ते विचारलं नाही आणि मीही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी आराखडा बाजूला ठेवून एवढंच विचारलं, “तुला नक्की काय कळून घ्यायचंय?” ती लगेच बोलली. “बाया पिशवी काढायच्या निर्णयापर्यंत येतात कशा, ते. काढल्यावर त्याच अंगानं फडात काम करणं त्यांना कसं असतं, ते. आणि मॅडम, सरकारनं परवानगीचा नियम केला, त्याचं पुढं काय झालं, तेही.”

एका दमात तिनं तीन प्रबंधांचे विषय सांगितले होते. पहिल्याला ग्राउंडेड थिअरी लागते, दुसऱ्याला फेनॉमेनॉलॉजी, तिसऱ्याला केस स्टडी. तिन्हींत मुलाखती असतात, म्हणून आपल्याकडे या तिन्हींना एकाच ‘गुणात्मक’ पोत्यात भरतात. पण कोणाला भेटायचं, काय विचारायचं, कधी थांबायचं आणि शेवटी काय म्हणायचा अधिकार मिळतो, हे प्रत्येकीत वेगळं असतं. ते कसं वेगळं असतं, हे याच एका विषयावर दाखवावं म्हणून हे पत्र लिहिते आहे.

विषयाची पार्श्वभूमी आपल्याला ठाऊक आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या बीडहून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कामाचा दिवस बुडाला तर खाडा पडतो. २०१९ मध्ये इथल्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. जिल्ह्यातल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, म्हणजे शंभरात जवळपास सतरा. ‘किती?’ या प्रश्नाचं उत्तर पाहणीनं दिलं. तेच काम तीस मुलाखतींकडून करून घेणं निरर्थक आहे, आणि माझ्या विद्यार्थिनीलाही ते करायचं नव्हतं.

तिचा पहिला प्रश्न घेऊ. बाई त्या निर्णयापर्यंत येते कशी? ‘कशी येते’ म्हटलं की वाटचाल आली, टप्पे आले, वळणं आली. जिथं प्रक्रिया समजून घ्यायची असते आणि तिचं समाधानकारक स्पष्टीकरण हाताशी नसतं, तिथं ग्राउंडेड थिअरी उपयोगी पडते. बार्नी ग्लेसर आणि अँसेल्म स्ट्रॉस यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या रुग्णालयांत मरणासन्न रुग्णांभोवती काय घडतं ते पाहिलं, त्यावर १९६५ मध्ये एक पुस्तक लिहिलं आणि १९६७ मध्ये पद्धतीचं पुस्तक काढलं. आपण मरणार आहोत हे रुग्णाला माहीत आहे का, आणि त्याला माहीत आहे हे इतरांना माहीत आहे का, यावरून त्यांनी चार स्थिती मांडल्या. रुग्णाला काहीच माहीत नाही. त्याला संशय आहे. दोघांनाही माहीत आहे, पण दोघंही माहीत नसल्यासारखं वागतात. सगळं उघड आहे. एका स्थितीतून दुसरीत रुग्ण कसा जातो, त्यानं परिचारिकेचं वागणं कसं बदलतं, हे त्यांनी दाखवलं. सिद्धांत म्हणतात तो असा असतो. तक्रारींची यादी कितीही लांब झाली तरी तिचा सिद्धांत होत नाही.

आपल्या विषयात हे काम प्रत्यक्ष कसं चालेल? सुरुवातीला तीन-चार मुलाखतीच घ्यायच्या. त्या शब्दशः उतरवून लगेच ओळीओळीनं वाचायच्या आणि प्रत्येक तुकड्यात काय केलं जातंय त्याला नाव द्यायचं. कॅथी शार्माझ यांनी या नावांसाठी क्रियादर्शक शब्द वापरायचा आग्रह धरला आणि मराठीला तो फार सोयीचा आहे, कारण आपलं ‘-णं’ त्यासाठीच घडल्यासारखं आहे. समजा, एक बाई म्हणाली, “पाळीत लई त्रास व्हायचा, पण खाडा पडंल म्हणून अंगावरच काढलं. मग जाऊबाईनं काढली, तिला बरं वाटलं. म्हटलं, हंगामाआधी उरकून घ्यावं.” तीन वाक्यांत चार नावं मिळतात : खाडा मोजणं, दुखणं अंगावर काढणं, जावेकडं पाहून धीर येणं, हंगामाआधी उरकून घेणं. यालाच ‘आर्थिक कारण’ असं नाव दिलं असतं तर बाई काय करत होती ते त्यातून नाहीसं झालं असतं.

इथं थांबून टिपण लिहायचं. दुखणं ‘अंगावर काढणं’ आणि पिशवी ‘काढणं’ यांच्या मध्ये काय घडलं? दुखणं किती हंगाम अंगावर काढलं की उरकून घ्यायचा विचार येतो? मग दुसऱ्या मुलाखतीतली बाई तिच्याशेजारी ठेवायची. तिनंही अंगावर काढलं, पण पिशवी काढली नाही. फरक कुठं पडला? ती टोळीत जात नाही म्हणून? तिच्या घरात कोणी आधी काढलेली नाही म्हणून? अशी शंका आली की पुढची मुलाखत कोणाची घ्यायची ते ठरतं. डॉक्टरनं सांगूनही नकार दिलेली बाई शोधायची. उचल न घेता गावातच मजुरी करणारी शोधायची. बायकांना दवाखान्यापर्यंत नेणारं कोणी असेल तर त्यांना भेटायचं आणि मुकादमालाही भेटायचं. यालाच सैद्धांतिक नमुनानिवड म्हणतात. वाढत चाललेला सिद्धांतच पुढचा माणूस मागतो, म्हणून आराखड्यात ‘३० महिला’ असा आकडा आधी देता येत नाही. सुरुवात कोणापासून, पहिल्या वाटा कोणत्या आणि थांबायची कसोटी काय, एवढं मात्र नक्की लिहिता येतं.

ती कसोटीही नीट समजून घ्यायला हवी. ‘नवं काही मिळेना म्हणून थांबले’ असं विद्यार्थी सर्रास लिहितात. नवी हकिकत तर प्रत्येक बाईकडे असतेच. थांबायचं तेव्हा, जेव्हा ‘हंगाम गाठणं’ यासारख्या मध्यवर्ती संकल्पनेचे पदर, तिच्या अटी, तिचे अपवाद हे सगळं आधीच्या मांडणीत बसू लागतं आणि नवी मुलाखत त्या मांडणीला धक्का देत नाही. गृहीतकांच्या स्वरूपाची विधानं इथंही येतात, पण ती शेवटी येतात : उचल फिटलेली नसताना आणि घरात आधी कोणी शस्त्रक्रिया केलेली असताना बाई अंगावर काढण्याच्या टप्प्यातून लवकर बाहेर पडते, असं काहीतरी. (हे विधान मी उदाहरणासाठी रचलं आहे, कोणाचा निष्कर्ष म्हणून नाही.) आराखड्याच्या वेळी तेच मागितलं तर फळ आधी मागून झाड नंतर लावायला सांगितल्यासारखं होतं.

आपल्याकडच्या अनेक प्रबंधांत ग्राउंडेड थिअरीचं नुसतं नाव असतं. ओळखायचं कसं? तारखा पाहाव्यात. सगळ्या मुलाखती मे महिन्यात आणि कोडिंग जुलैत असेल, तर पहिल्या मुलाखतीनं शेवटच्या मुलाखतीला काहीच शिकवलेलं नाही. प्रश्नावली पहिल्या दिवशी होती तशीच शेवटच्या दिवशी असेल, टिपणवही दाखवता येत नसेल, नकार देणारी एकही बाई नमुन्यात नसेल, तर ते दुसरं काही असेल. त्याला विषयसूत्रांचं विश्लेषण म्हणावं. व्हर्जिनिया ब्रॉन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांनी २००६ मध्ये ते व्यवस्थित मांडलं आहे, आणि ते प्रामाणिकपणे त्या नावानं केलं तर त्यात कमीपणा नाही.

आता दुसरा प्रश्न : काढल्यावर त्याच अंगानं फडात काम करणं कसं असतं? यात टप्पे शोधायचे नाहीत, कारणही शोधायचं नाही. एक अनुभव आतून कसा असतो आणि तो ‘तो’ अनुभव कशामुळे ठरतो, एवढाच प्रश्न आहे. हे फेनॉमेनॉलॉजीचं क्षेत्र आहे. मूळ एडमंड हुसर्लच्या तत्त्वज्ञानात. मानसशास्त्रातली संशोधनपद्धत म्हणून ती घडवली अमेदेओ जॉर्जी यांनी, आणि जोनाथन स्मिथ यांनी १९९६ पासून तिची अर्थनिर्णयनावर भर देणारी शाखा वाढवली.

इथं सगळं उलटं होतं. पहिल्या अभ्यासात नकार देणारी बाई अत्यावश्यक होती, या अभ्यासात तिला जागा नाही, कारण तिनं तो अनुभव घेतलेला नाही. मुकादम, डॉक्टर, नवरा यांनाही जागा नाही. ज्या बाईची शस्त्रक्रिया झाली आणि जी त्यानंतर निदान एक हंगाम फडात गेली, तीच. अशा सहा-आठ जणी पुरतात, पण प्रत्येकीला दोनदा तरी भेटावं लागतं, आणि एकटीला भेटावं लागतं. नवरा शेजारी बसून तिची वाक्यं पुरी करू लागला, तर हाती येतं ते तिच्या अनुभवाविषयीचं त्याचं मत.

‘का’ विचारायचं नाही आणि यादीही मागायची नाही, ही यातली सगळ्यात अवघड शिस्त. “काम करताना काय अडचणी येतात?” असं विचारलं की बाई यादी देते : कंबर दुखते, चक्कर येते, पैसा पुरत नाही. ही यादी तिनं आधीही दिलेली असते, कधी पत्रकाराला, कधी सर्वेक्षणाला आलेल्या बाईंना. त्याऐवजी, “ऑपरेशननंतर पहिल्यांदा डोक्यावर मोळी घेतली, तो दिवस सांगा” असं म्हणावं आणि गप्प बसावं. मग ती कोपीतून निघाल्यापासून सांगायला लागते. मोळी कोणी डोक्यावर दिली, गाडीच्या फळीवर चढताना हात कुठं गेला, आधी भराभर चढणारी ती कुठल्या पायरीला थांबली, कोणी पाहिलं. या बारकाव्यांतून कळतं, की आपल्या अंगावरचा भरवसा जाणं तिच्यासाठी नेमकं काय आहे.

संशोधकानं आपलं आधीचं मत कंसात ठेवायचं, असं इथं म्हणतात. माझ्या विद्यार्थिनीला हे पटेना. “मॅडम, हे शोषण आहे, ते मी विसरू कसं?” विसरायचं नाहीच. पण ‘शोषण’ हा शब्द घेऊन फडात गेलं, की बाईनं “मोकळी झाले बघा, पाळीची कटकट गेली” असं म्हटल्यावर ते वाक्य आपण खोडून टाकतो किंवा तिला काही कळत नाही असं मानतो. ते वाक्यही अनुभवाचा भाग आहे. कंबर धरणारा हात आणि ‘मोकळी झाले’ हे शब्द एकाच बाईचे असतील, तर त्या अनुभवाचं वर्णन दोन्ही धरून करावं लागेल. म्हणून मी तिला सांगितलं, की क्षेत्रात जाण्याआधी स्वतःची मतं तीन-चार पानं लिहून काढ आणि विश्लेषण करताना ती पानं समोर ठेव. एखाद्या बाईचा अर्थ त्या पानांतल्या वाक्यासारखाच निघाला, तर पुन्हा मूळ मुलाखतीकडे जायचं.

विश्लेषणही वेगळं. जॉर्जी यांच्या पद्धतीत आधी पूर्ण मुलाखत सलग वाचायची, मग जिथं अर्थ पालटतो तिथं खूण करून तिचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यातला अनुभव संशोधकाच्या भाषेत नेमकेपणानं मांडायचा आणि शेवटी सगळ्यांमधून त्या अनुभवाची घडण लिहायची. त्यात एक घटक मनातल्या मनात काढून पाहायचा. समजा, ‘कोणीतरी आपल्याकडं बघतंय’ हा भाग काढला, तर उरेल तो हाच अनुभव असेल का? असेल, तर तो घटक गाभ्यातला नाही. नसेल, तर तो गाभ्यातला आहे.

या प्रकारच्या प्रबंधांत बहुतेकदा चार मथळे दिसतात : शारीरिक समस्या, मानसिक समस्या, आर्थिक समस्या, सामाजिक समस्या. मी आता एक साधी कसोटी लावते. हे मथळे घराबाहेर पाऊल टाकण्याआधी लिहिता आले असते का? आले असते, तर मुलाखतींनी काही शिकवलं नाही, आणि प्रबंधावर फेनॉमेनॉलॉजी हे नाव चालणार नाही. तसंच, या पद्धतीनं ‘शस्त्रक्रियांमुळे मजुरी घटली’ असं म्हणता येत नाही आणि ‘बहुसंख्य महिलांना असं वाटतं’ असंही म्हणता येत नाही. आठ जणींत बहुसंख्य म्हणजे पाच, आणि पाचचा आकडा काहीच सांगत नाही.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण आपल्याकडे त्या जातीचे अभ्यास फार कमी होतात. प्रकरण गाजल्यावर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. त्या नियमाचं पुढं काय झालं? घटना आजची आहे, ती तिच्या परिसरापासून वेगळी काढता येत नाही आणि तिच्यावर संशोधकाचा ताबा नाही. रॉबर्ट यिन यांनी १९८४ च्या पुस्तकात केस स्टडीची वेळ कोणती याची जी लक्षणं सांगितली, ती इथं नेमकी लागू पडतात.

इथं एक अडचण आपल्या भाषेनंच केली आहे. बी.एड. आणि एम.एड.च्या मराठी पुस्तकांत केस स्टडीला ‘व्यक्ती अभ्यास’ म्हणतात. त्यामुळे विद्यार्थ्याला वाटतं, केस म्हणजे एक माणूस, आणि दहा बायकांच्या हकिकती ओळीनं लिहून तो त्यांना दहा केस स्टडी म्हणतो. आपल्या उदाहरणात केस आहे परवानगीची व्यवस्था, आणि तिला कुंपण घालावं लागेल. एक तालुका. नियम आल्यापासून तीन हंगाम. त्या तालुक्यातली रुग्णालयं, परवानगी देणारं कार्यालय, आशा कार्यकर्त्या, टोळ्यांची गावं आत. शेजारचा जिल्हा बाहेर, पण कुंपणापलीकडं पाहावं लागेल हे लक्षात ठेवून. हे कुंपण आराखड्यात नसेल तर केस स्टडी सुरूच झालेली नाही.

मग पुरावे गोळा करायचे, आणि ते एका जातीचे नसावेत. परवानगीचे किती अर्ज आले, किती फेटाळले, कोणत्या कारणानं, किती दिवसांत निकाल लागला, हे रुग्णांची नावं वगळून माहितीच्या अधिकारात मागता येईल. आदेशाचा कागद, रुग्णालयांच्या मासिक नोंदी, आशांच्या आणि डॉक्टरांच्या मुलाखती, परवानगीच्या कार्यालयात बसून पाहिलेले दिवस, बायकांच्या मुलाखती. हे सगळं एकमेकांसमोर ठेवायचं.

या पद्धतीचा खरा कस पर्यायी स्पष्टीकरणांत लागतो. समजा, नोंदींप्रमाणे नियमानंतर शस्त्रक्रिया घटल्या. नियम यशस्वी झाला, असं लगेच लिहायचा मोह होतो. पण दुसरंही घडलं असू शकेल. बायका शेजारच्या जिल्ह्यात जाऊ लागल्या असतील. तसं असेल, तर तिथल्या रुग्णालयांत या तालुक्याचे पत्ते वाढलेले दिसतील आणि आशांना ते माहीत असेल. किंवा शस्त्रक्रिया तेवढ्याच झाल्या, पण अर्जावरचं कारण बदललं. मग अर्जांत एकाच निदानाची अचानक गर्दी दिसेल. किंवा २०२० च्या टाळेबंदीनं सगळ्याच नियोजित शस्त्रक्रिया थांबवल्या. मग हर्निया आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचे आकडेही त्याच महिन्यांत खाली आलेले असतील. प्रत्येक स्पष्टीकरण खरं असेल तर मागे कोणती खूण राहील, हे क्षेत्रात जाण्याआधी लिहून ठेवायचं आणि मग त्या खुणा शोधायच्या. इथं मात्र आपण विचारता ते गृहीतक शोभतं. यिन यांच्या मार्गानं जाणाऱ्या केस स्टडीत आधीची विधानं हवीतच, आणि ती नसतील तर आपण जरूर अडवावं. रॉबर्ट स्टेक यांचा मार्ग याहून मोकळा आहे. ते केसच्या वेगळेपणाला आधी महत्त्व देतात. विद्यार्थी कोणत्या मार्गानं चाललाय, ते त्याला सांगता यायला हवं.

“सगळ्यांना लागू कसं करणार?” या प्रश्नाचं उत्तरही इथं मिळतं. एका तालुक्यावरून राज्याची टक्केवारी निघत नाही. पण परवानगी देणारं कार्यालय लांब असलं आणि शेजारच्या जिल्ह्यात तसा नियम नसला की रुग्ण सीमा ओलांडतात, असं स्पष्टीकरण या तालुक्यात पक्कं झालं, तर ते दुसऱ्या ठिकाणी तपासून पाहता येतं. दुसरी केस निवडायची तर मुद्दाम अशी निवडावी, जिथं ते कार्यालय जवळ आहे आणि निकाल उलटा यायला हवा. तिथं तो खरोखर उलटा आला, तर स्पष्टीकरणाचं बळ वाढतं. इथं लागू होतं ते स्पष्टीकरण. लोकसंख्येचं प्रमाण यातून मिळत नाही आणि ते मागायचंही नसतं.

आता त्या ‘तीसच का’बद्दल. हल्ली विद्यार्थी ‘१२ मुलाखती पुरतात’ असं छातीठोकपणे लिहितात. तो आकडा ग्रेग गेस्ट आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या लेखातून आला. घाना आणि नायजेरियातल्या बायकांच्या ६० मुलाखतींत बहुतेक कोड पहिल्या १२ मध्येच सापडले, असं त्यांनी दाखवलं. पण त्या बायका बऱ्याच एकसारख्या परिस्थितीतल्या होत्या, प्रश्न सगळ्यांना तेच होते, आणि शोध होता तो विषयसूत्रांचा. ज्या ग्राउंडेड थिअरीत प्रश्नही बदलतात आणि माणसंही मुद्दाम वेगवेगळी निवडली जातात, तिथं तो आकडा उचलून लावता येत नाही. फेनॉमेनॉलॉजीत बारा जणी कधी जास्तच होतात, कारण एकेका मुलाखतीत जेवढं खोल जायचं तेवढं मग जाता येत नाही. केस स्टडीत तर मुलाखतींची संख्या दुय्यम आहे. तिथं एक हजेरीपुस्तक दहा मुलाखतींपेक्षा जास्त बोलू शकतं.

आणखी एक मोह असतो तिन्ही पद्धती एकत्र करण्याचा. ‘ग्राउंडेड थिअरी व फेनॉमेनॉलॉजीवर आधारित केस स्टडी’ असे आराखडे मी पाहिले आहेत. केस स्टडीच्या पोटात बायकांच्या मुलाखती घेता येतात, त्यांचं कोडिंगही करता येतं, त्यानं काही बिघडत नाही. पण नकार देणारी बाई एकाच वेळी अत्यावश्यक आणि अपात्र असू शकत नाही, आणि मतं कंसात ठेवून त्याच दिवशी आधीची विधानं तपासता येत नाहीत.

म्हणून माझी विनंती आराखड्याच्या छापील नमुन्याबद्दल आहे. ‘गृहीतक’ आणि ‘नमुना संख्या’ हे रकाने सर्वेक्षणासाठी राहू द्या. गुणात्मक संशोधनासाठी वेगळं पान द्या आणि त्यात असं विचारा : शेवटी कोणत्या प्रकारचं विधान करायचं आहे, प्रक्रियेचं स्पष्टीकरण, अनुभवाचं वर्णन की एखाद्या बांधलेल्या घटनेचा उलगडा? त्यासाठी कोणाला भेटणं अटळ आहे आणि कोणाला भेटायचं नाही? काय दिसलं म्हणजे थांबाल? कोणतं उत्तर मिळालं तर तुमची मांडणी चुकली असं मानाल? आणि उद्दिष्टांत ‘अभ्यास करणे’ हे क्रियापद चालणार नाही, असं स्पष्ट छापा. त्याचबरोबर नैतिकता समितीची परवानगी एकाच प्रश्नावलीला न बांधता, पुढं प्रश्न आणि माणसं बदलतील हे गृहीत धरून मिळावी. नाहीतर ग्राउंडेड थिअरी करणाऱ्याला दर बदलाला नवा अर्ज करावा लागतो आणि तो बदल करणंच सोडून देतो.

माझ्या विद्यार्थिनीनं शेवटी पहिला प्रश्न निवडला. बाकीचे दोन तिनं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले आहेत, पुढं कोणी घेईल म्हणून. नव्या आराखड्यात तिनं नमुन्याच्या रकान्यात लिहिलं आहे : ‘पहिल्या चार महिला, दोन गावं, निर्णय घेतलेल्या दोन, नकार दिलेल्या दोन. पुढील निवड विश्लेषणानुसार.’ गृहीतकाच्या रकान्यात लिहिलं आहे : ‘अभ्यासाच्या शेवटी.’ तिची बैठक पुढच्या महिन्यात आहे. दसऱ्यानंतर टोळ्या निघाल्या की त्या बाया सहा महिने फडांवर पांगतात, आणि त्यांना पुन्हा भेटायचं तर कारखान्यांच्या गावांना जावं लागतं. टोळ्या निघायच्या आत त्या चौघींच्या मुलाखती होऊन उतरवून झाल्या, तर हंगामात कोणत्या फडावर कोणाला शोधायचं ते तिला ठरवता येईल. तेवढी परवानगी वेळेत मिळावी, ही विनंती.

आपली,
समाजशास्त्र विभागातील एक संशोधन मार्गदर्शक